लाभांशाला हात वर करण्यापूर्वी

पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणजे काय, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. दारात सही करायची, अहवालाचे पुस्तक घ्यायचे, चहा-बिस्किट घ्यायचे आणि 'विषय क्रमांक तीन, ताळेबंद व नफातोटा पत्रक मंजूर' असे म्हटले की हात वर करायचा. त्या पुस्तकातले एकच पान आपण उघडतो, ते म्हणजे लाभांशाचे. यंदा आठ टक्के की नऊ टक्के, एवढे कळले की सभा संपली.

आमचे म्हणणे असे की, लाभांशाचा टक्का हा ताळेबंदातला सर्वांत कमी बोलका आकडा आहे. संस्था बळकट असतानाही आठ टक्के लाभांश देता येतो आणि आतून पोखरली गेली असतानाही देता येतो. यातली कोणती स्थिती खरी, हे तीन प्रश्नांनी कळते. वर्षभरात द्यावे लागणारे पैसे वेळेवर देता येतील का, ही झाली रोखता. सगळी देणी फेडून सभासदांचे भागभांडवल शाबूत उरेल का, हा झाला भक्कमपणा. आणि दाखवलेला नफा खरोखर मिळालेला आहे का, ही झाली नफाक्षमता. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे साध्या भागाकाराने निघतात. त्यासाठी बी.कॉम. होण्याची गरज नाही.

ही चौकशी आपण का करावी, याचे कारण सरळ आहे. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. २०२० साली त्याची मर्यादा पाच लाखांवर नेण्यात आली. कर्मचारी पतसंस्था ही बँक नव्हे, त्यामुळे तिच्यातील ठेवीला हा विमा लागू नाही. निवृत्तीच्या दिवशी मिळणारी वर्गणी, भागांची रक्कम आणि मुदत ठेव यांची हमी एकच, ती म्हणजे संस्थेचा ताळेबंद.

नमुन्याचा ताळेबंद

समजा, बाराशे सभासदांची एक पतसंस्था आहे. आकडे आम्ही समजावून सांगण्यासाठी बेतले आहेत, पण त्यांची ठेवण आपल्या हातातल्या अहवालासारखीच आहे. सर्व रकमा लाख रुपयांत आहेत.

भांडवल व देणी:
भागभांडवल २५०
राखीव निधी ९०
बुडीत कर्ज तरतूद २०
सभासदांच्या मुदत ठेवी ७२०
मासिक वर्गणी ठेव ३६०
बँकेचे कॅश क्रेडिट १८०
देय व्याज २०
चालू वर्षाचा नफा ३०
एकूण १,६७०

मालमत्ता व येणी:
रोख व बँक शिल्लक ३५
बँकेतील मुदत ठेवी १२०
सभासदांकडील कर्जे १,४२०
येणे व्याज ५५
इमारत व फर्निचर ४०
एकूण १,६७०

नफातोटा पत्रकात उत्पन्न १६० दाखवले आहे आणि खर्च १३०. खर्चात ठेवींवरील व कॅश क्रेडिटवरील व्याज ९७, पगार व कार्यालयीन खर्च २८ आणि बुडीत कर्जाची तरतूद ५ आहे. संचालक मंडळाने आठ टक्के लाभांश सुचवला आहे, म्हणजे २५० लाखांवर २० लाख.

याशिवाय अहवालाच्या शेवटी बारीक टाइपात काही टिपा असतात. खरी कहाणी तिथे असते. आमच्या नमुन्यातल्या टिपा सांगतात की, मुदत ठेवींपैकी ३०० लाखांच्या ठेवी येत्या वर्षात पुऱ्या होतात. कर्जाची वसुली पगारातून दरमहा ३० लाख होते. बँकेतील १२० लाखांपैकी ९० लाख राखीव निधीपोटी गुंतवले असून निबंधकांच्या परवानगीवाचून ते मोडता येत नाहीत. कर्जांपैकी ९० लाख थकीत आहेत. येणे व्याजाच्या ५५ लाखांपैकी ४० लाख याच थकीत कर्जांवरचे आहेत आणि त्यातले १२ लाख यंदाच्या उत्पन्नात धरले आहेत. येत्या वर्षात साठ सभासद निवृत्त होतील आणि त्यांना वर्गणी व भागांचे सरासरी ५० हजार रुपये, म्हणजे एकूण ३० लाख, परत द्यावे लागतील.

आपल्या अहवालात अशा टिपा नसतील, तर पहिला प्रश्न हाच विचारावा की टिपा का नाहीत.

पहिली पायरी: रोखता

रोखता काढताना एका बाजूला वर्षभरात हाती येणारे पैसे लिहावेत आणि दुसऱ्या बाजूला वर्षभरात द्यावे लागणारे. येणाऱ्या बाजूला रोख ३५, बँकेतील ठेवी १२०, वसुली महिना ३० प्रमाणे ३६० आणि येणे व्याज ५५ मिळून ५७० होतात. देण्याच्या बाजूला पुऱ्या होणाऱ्या ठेवी ३००, निवृत्तांचे ३०, कॅश क्रेडिट १८०, देय व्याज २० आणि लाभांश २० मिळून ५५० होतात.

५७० ÷ ५५० = १.०४

याला चालू गुणोत्तर म्हणतात. एक रुपया द्यायचा आहे आणि एक रुपया चार पैसे हाती येणार आहेत, असा त्याचा अर्थ. हिशेबाच्या पुस्तकात हे गुणोत्तर दोन असावे असे लिहिलेले असते. पण तो दंडक माल साठवणाऱ्या कारखान्या-दुकानांचा आहे, कारण गोदामातला माल विकला जाईलच याची खात्री नसते. पतसंस्थेकडे माल नसतो आणि वसुली पगारातून होते. म्हणून दोनाचा आग्रह आपण धरू नये. एकाच्या वर असलेले गुणोत्तर खरे आहे का, एवढे मात्र जरूर पाहावे.

त्यासाठी वरच्या ५७० मधून हाती न येणारे पैसे वगळू. राखीव निधीचे ९० मोडता येत नाहीत, ते गेले. थकीत कर्जावरचे व्याज ४० येण्याची खात्री नाही, तेही गेले. उरले ४४०.

४४० ÷ ५५० = ०.८०

म्हणजे रुपयाला वीस पैसे कमी पडतात, एकूण ११० लाख. मग अशा संस्था चालतात कशा? तर पुऱ्या झालेल्या ठेवी सभासद पुन्हा ठेवतात म्हणून. ३०० पैकी २०० लाख पुन्हा ठेवले गेले, तर द्यायचे फक्त ३५० उरतात आणि गुणोत्तर १.२६ होते. पण याचा अर्थ असा की, संस्थेची रोखता तिच्या तिजोरीत नसून सभासदांच्या विश्वासात आहे. विश्वास डळमळला की ती त्याच आठवड्यात संपते.

दुसरी गोष्ट अशी की, वसुलीचे ३६० लाख आपण पूर्ण मोजले. नवे कर्जवाटप पूर्ण थांबवले, तरच ते देण्यांसाठी मोकळे राहतील. प्रत्यक्षात महिन्याला आलेले ३० लाख महिन्यालाच नव्या कर्जात जातात. म्हणून ०.८० हा आकडासुद्धा उदार आहे.

रोखता आटल्याची चिन्हे आकड्यांच्या आधी खिडकीवर दिसतात. मंजूर कर्जाचा चेक मिळायला पूर्वी आठवडा लागत असे, आता दीड महिना लागतो. ठेव पुरी झाली की 'आणखी एक वर्ष ठेवा ना' असा आग्रह होतो. कॅश क्रेडिट बारा महिने मर्यादेला टेकलेले असते आणि ३१ मार्चला मात्र कमी झालेले दिसते, कारण २८ तारखेला भरणा करून २ एप्रिलला पुन्हा उचल केलेली असते. म्हणून एका दिवसाच्या शिलकेवर समाधान न मानता वर्षातल्या प्रत्येक महिनाअखेरची कॅश क्रेडिटची शिल्लक मागावी.

दुसरी पायरी: भक्कमपणा

इथे प्रश्न वर्षाचा नसून एकूण ताकदीचा आहे. संस्थेत सभासदांचा स्वतःचा पैसा किती आणि परत करायचा पैसा किती? अहवालात बहुधा असे मांडतात: भागभांडवल २५०, राखीव निधी ९०, तरतूद २० आणि नफा ३० मिळून स्वनिधी ३९०. परत करायच्या रकमा म्हणजे ठेवी ७२०, वर्गणी ३६०, कॅश क्रेडिट १८० आणि देय व्याज २० मिळून १,२८०.

१,२८० ÷ ३९० = ३.२८

स्वतःच्या एका रुपयावर सव्वातीन रुपयांचे देणे. पतसंस्थेला हे वाईट नाही. पण स्वनिधीत काय काय घातले आहे ते पाहा. बुडीत कर्जाची तरतूद हा संस्थेचा निधी नव्हे. बुडणाऱ्या कर्जासाठी आधीच बाजूला काढलेली ती रक्कम आहे आणि ती कर्जातूनच वजा व्हायला हवी. नफ्यातले २० लाख लाभांश म्हणून बाहेर जाणार आहेत, म्हणून उरतात फक्त १०. तेव्हा स्वनिधी झाला २५० अधिक ९० अधिक १०, म्हणजे ३५०.

आता थकीत कर्जाकडे येऊ. थकीत ९० लाखांसाठी तरतूद आहे २० लाखांची, म्हणजे ७० लाख उघडे आहेत. त्यांवरचे ४० लाख व्याजही मालमत्तेत धरलेले आहे. हे सगळेच बुडाले, तर ३५० मधून ११० जातील आणि स्वनिधी उरेल २४०. देणी लाभांशासह १,३०० होतील.

१,३०० ÷ २४० = ५.४२

सव्वातीनाचे साडेपाचच्या घरात गेले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे भागभांडवल २५० होते आणि सगळा स्वनिधी आता २४० आहे. वर्षानुवर्षे साठवलेला राखीव निधी संपला आणि भागांना हात लागला. शंभर रुपयांच्या भागामागे ९६ रुपयेच उरले. ताळेबंदात मात्र भाग शंभराचाच दिसतो.

ही सर्वांत वाईट स्थिती झाली, हे आम्ही मान्य करतो. थकीत कर्ज व व्याज अर्धे वसूल झाले, तर स्वनिधी ३०५ राहतो, गुणोत्तर ४.२६ येते आणि भागभांडवल शाबूत राहते. खरी स्थिती या दोन टोकांच्या मध्ये कुठे आहे, ते थकबाकीच्या वयावरून ठरते. तीन महिन्यांची थकबाकी आणि तीन वर्षांची थकबाकी एकाच मापाने मोजता येत नाही. म्हणून थकबाकीची यादी वयानुसार मागावी: एक वर्षाच्या आतली, एक ते तीन वर्षांची आणि तीन वर्षांवरची.

यावर आमचे काही मित्र म्हणतात, 'आपली वसुली पगारातून होते, आपली संस्था बुडायची कशी?' या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. पगारातून कपात चालू असेतो कर्ज सुरक्षित असते. सभासद बडतर्फ झाला, राजीनामा देऊन गेला, विनापगारी रजेवर राहिला किंवा कामावर असताना वारला की कपात थांबते. बदली होऊन तो दुसऱ्या विभागात गेला आणि कपातीचे पत्र नव्या पगार कचेरीत पोचले नाही, तरी ती थांबते. भुसावळचा माणूस इटारसीला गेला आणि जामीनदार सोलापूरला, अशी प्रकरणे आपल्या खात्यांत नवी नाहीत. थकीत ९० लाख जमतात ते असेच. पगारातून होणारी कपात हे कर्जाचे तारण नसून वसुलीची सोय आहे.

आणखी एक चाल ओळखून ठेवावी. तिला बोलीभाषेत नवे-जुने करणे म्हणतात. हप्ते थकलेल्या सभासदाला नवे मोठे कर्ज मंजूर करायचे आणि त्यातून जुने कर्ज व्याजासह फेडून घ्यायचे. कागदावर थकबाकी नाहीशी होते आणि व्याज मिळाल्याचे दिसते, प्रत्यक्षात रुपया आलेला नसतो. हे ओळखण्याची खूण अशी: मार्च महिन्यात एकदम थकबाकी घटते आणि त्याच महिन्यात कर्जवाटप वाढते. मार्चच्या वाटपातले किती रुपये सभासदाच्या हाती रोख गेले आणि किती जुन्या खात्यात वळवले, हा प्रश्न सभेत विचारावा.

तिसरी पायरी: नफाक्षमता

शेवटी नफा. उत्पन्न १६०, नफा ३०.

३० ÷ १६० × १०० = १८.७५ टक्के

एकूण मालमत्तेशी तुलना केली, तर ३० भागिले १,६७०, म्हणजे १.८० टक्के. भागभांडवलाशी केली, तर ३० भागिले २५०, म्हणजे १२ टक्के. यातला बारा टक्क्यांचा आकडा व्यासपीठावरून मोठ्याने सांगितला जातो. आमच्या मते सर्वांत प्रामाणिक आकडा १.८० चा, कारण संस्थेत फिरणाऱ्या शंभर रुपयांमागे किती सुटले ते त्यावरून कळते. तो इतका लहान आहे याचा अर्थ असा की, कर्जातले शंभरातले दोन रुपये बुडाले तरी वर्षभराचा नफा जवळजवळ साफ होतो.

आता यंदाच्या उत्पन्नात थकीत कर्जावरचे १२ लाख धरले आहेत, ते काढू. ते व्याज पावतीवर आलेले नाही, फक्त वहीत लिहिलेले आहे. अशा व्याजासाठी थकीत व्याजाची तरतूद करावयास हवी, म्हणजे ते नफ्यात शिरत नाही. नफा उरला १८.

१८ ÷ १४८ × १०० = १२.१६ टक्के

मालमत्तेवर तो १.०८ टक्के होतो, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आला. आता लाभांशाचे गणित करू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत गेला पाहिजे. आपल्यातील ज्यांच्या संस्थेचे सभासद एकाहून अधिक राज्यांत आहेत आणि जी बहुराज्य म्हणून नोंदलेली आहे, तिला २००२ चा केंद्रीय कायदा लागतो, पण चौथ्या हिश्शाचा नियम तिथेही आहे. १८ चा चौथा हिस्सा साडेचार. उरले साडेतेरा. इतर निधींना एक पैसाही न देता सगळे वाटले तरी लाभांश येतो ५.४ टक्के.

मंडळाने सुचवलेत आठ टक्के, म्हणजे २० लाख. साडेसहा लाखांची तफावत कुठून येणार? न आलेल्या व्याजातून येऊ शकत नाही. ती येणार ठेवीदारांनी ठेवलेल्या रोकडीतून किंवा कॅश क्रेडिटच्या उचलीतून, ज्यावर संस्था बँकेला व्याज भरते. म्हणजे उजव्या हाताने आपल्याला मिळालेला लाभांश आपल्याच डाव्या हातातल्या ठेवीतून काढलेला असतो. ज्या सभासदाची ठेव मोठी आणि भाग थोडे, त्या निवृत्तीला आलेल्या सभासदाचे यात सर्वाधिक नुकसान होते.

कायद्याने लाभांशाला वरची मर्यादा घातली आहे, महाराष्ट्राच्या कायद्यात ती १५ टक्के आहे. आठ टक्के तिच्या खूप खाली आहेत, म्हणून ठराव कायदेशीर दिसतो. पण नफ्याचा आकडाच फुगलेला असेल, तर मर्यादेचा उपयोग काय?

या आकड्यांनी काय कळत नाही

तिन्ही गुणोत्तरे एका दिवसाच्या चित्रावरून काढलेली आहेत. एका वर्षाच्या आकड्यावरून संस्था चांगली की वाईट हे ठरवू नये. मागील दोन अहवाल घरात असतील तर तेच भागाकार त्यांवर करावेत. चालू गुणोत्तर १.३ वरून १.१ आणि मग ०.८ असे उतरत असेल, तर ती दिशा कोणत्याही एका आकड्यापेक्षा अधिक सांगते. तसेच शेजारच्या कारखान्याच्या पतसंस्थेशी तुलना करू नये. ठेवींची मुदत वेगळी, वसुलीची पद्धत वेगळी, तर गुणोत्तरही वेगळेच येणार. लेखापरीक्षणाचा 'अ' वर्ग मिळाला म्हणूनही निश्चिंत होऊ नये. लेखापरीक्षकाच्या अहवालातील दोषांची यादी आणि त्यावरील पूर्तता वाचावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, या आकड्यांवरून कोणी पैसे खाल्ले असा निष्कर्ष काढू नये. आमच्या नमुन्यातल्या संस्थेत कोणी एक रुपयाही खाल्लेला नाही. तिथे झाले ते एवढेच की, सभासदांना खूश ठेवण्यासाठी न आलेले व्याज आलेले धरले, तरतूद कमी केली आणि लाभांश टिकवला. दरवर्षी असे केले की प्रामाणिक माणसांच्या हातूनही संस्था पोकळ होते. यात दोष मंडळाचा जेवढा, तेवढाच लाभांश घटला की सभेत आरडाओरडा करणाऱ्या आपलाही आहे.

म्हणून आमची सूचना अशी. सभेच्या आठ दिवस आधी तीन प्रश्न लेखी द्यावेत: थकबाकीची वयानुसार यादी काय, थकीत कर्जावरचे किती व्याज यंदाच्या उत्पन्नात धरले, आणि येत्या वर्षात पुऱ्या होणाऱ्या ठेवी किती. उत्तरे मिळाली की वरचे तीन भागाकार कागदावर करावेत. नमुन्यासारखी स्थिती निघाली, तर आठ टक्क्यांऐवजी पाच टक्के लाभांशाची दुरुस्ती सभेत मांडावी आणि वाचलेले साडेसात लाख बुडीत कर्जाच्या तरतुदीत टाकावेत, असा ठराव करावा. दहा हजारांचे भाग असलेल्या सभासदाला त्यासाठी वर्षाला तीनशे रुपये सोडावे लागतील. निवृत्तीच्या दिवशी त्याला पूर्ण रक्कम मिळावी, यासाठी ही किंमत जास्त नाही.